‘सुमिमासेन’ला ‘माफ करा’ म्हणावे का?

वाचकाचे पत्र

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याचा जपानी पत्रव्यवहार सांभाळते. जपानीची एन-३ परीक्षा झाली आहे. गेल्या दोन महिन्यांत तीनदा फजिती झाली. भेटीला आलेल्या जपानी अभियंत्याला आमच्या मालकांनी द्राक्षांची पेटी दिली. ते ‘सुमिमासेन’ म्हणाले, मी ‘माफ करा म्हणतायत’ असे सांगितले, आणि मालकांना वाटले, यांना द्राक्षे नकोत. पुढे त्यांच्या ईमेलची पहिली ओळ मी ‘आपण आमची नेहमी काळजी घेता, आम्ही आपले ऋणी आहोत’ अशी केली, तर मालक म्हणाले, गिऱ्हाईक एकदम खूश आहे. आता शाफ्टवर चढवायच्या चारशे बुशांपैकी बारांचा बोअर, म्हणजे आतले भोक, लहान निघाला. मालकांनी सांगितले, ‘लिही, सॉरी, थोडी गडबड झाली, पुढच्या वेळी नीट बघू.’ मी तसेच्या तसे जपानीत लिहिले. चार दिवसांनी दोन ओळींचे कोरडे उत्तर आले. शब्द तर बरोबर होते, मग चुकले कुठे?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे शब्द बरोबर होते, हे मलाही मान्य आहे. आभाराच्या आणि माफीच्या शब्दांचा अर्थ मात्र कोशात अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा अर्थ समोरचा माणूस त्यावर काय उत्तर देतो, यात असतो. म्हणून असे वाक्य भाषांतराला आले की मी पहिल्यांदा शब्द शोधत नाही. हे वाक्य मूळ भाषेत ऐकणारा माणूस काय म्हणेल, हे मी आधी मनात ऐकते, आणि मग मराठीत कोणते वाक्य म्हटले असता तसेच उत्तर येईल, ते शोधते.

आपल्याच भाषेत हे ताडून पाहा. मेनरोडच्या गर्दीत कुणाचा धक्का लागला आणि तो ‘सॉरी’ म्हणाला, तर आपण ‘असू दे’ म्हणतो, किंवा काहीच म्हणत नाही. ‘सॉरी’ने आपल्याकडून काही मागितलेले नसते. वयाने मोठ्या माणसाने हात जोडून ‘माझं चुकलं’ म्हटले, तर आपण अवघडतो आणि ‘अहो, असं काय म्हणता’ म्हणत त्यांचे हात धरतो. आणि ‘मी तुमची माफी मागतो’ असे कुणी म्हटले, तर आता आपल्याला काहीतरी ठरवावे लागते, माफ करायचे की नाही करायचे, कारण मागणाऱ्याने चेंडू आपल्याकडे टाकलेला असतो. ‘दिलगीर’ हा आणखी वेगळा शब्द आहे. तो फारसीतून आला आणि त्यात मन खिन्न झाल्याची भावना आहे. त्यामुळे ‘दिलगिरी व्यक्त करतो’ म्हणणारा झाल्याबद्दल वाईट वाटल्याचे सांगतो, पण समोरच्याकडे क्षमा मागत नाही. ‘दिलगिरी व्यक्त केली, पण माफी मागितली नाही’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांतून आपण नेहमी वाचतो आणि त्यातला फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चार शब्द, चार वेगवेगळी उत्तरे. ‘क्षमस्व’ तर आता बहुतेक फलकावरच राहिला आहे. रस्ता खणून ठेवल्यावर शेजारी लावतात तो.

आता द्राक्षांकडे येऊ. ‘सुमिमासेन’ हे ‘सुमु’ या क्रियापदाचे नकारार्थी रूप आहे. सुमु म्हणजे संपणे, मिटणे, हिशेब पुरा होणे. कर्जफेडीच्या जपानी शब्दातही ‘सुमु’चेच चित्राक्षर येते. म्हणजे ‘सुमिमासेन’चा मूळ भाव ‘हे मिटत नाही, माझ्या बाजूने काही उरते आहे’ असा आहे. तुमचा पाय माझ्याकडून तुडवला गेला तरी काहीतरी उरते, आणि माझ्यासाठी तुम्ही द्राक्षांची पेटी आणलीत तरी उरते. त्यामुळे एकच शब्द माफीलाही चालतो आणि आभारालाही, शिवाय हॉटेलात वाढप्याला हाक मारायलाही चालतो. जपानी माणसाच्या लेखी यात गोंधळ नाही, कारण तिन्ही वेळा तो समोरच्याला तोशीस देत असतो.

मराठीला हा भाव परका नाही. ‘तुमचे उपकार फिटायचे नाहीत’ असे आपण म्हणतो. आईबापाचे पांग फेडावे लागतात, आणि ते फिटत नाहीत हेही आपण मानतो. ‘फिटणे’ हे क्रियापद ‘सुमु’च्या अगदी शेजारी बसते. फरक वजनाचा आहे. आपले ‘फिटत नाही’ आयुष्यात दोन-चार वेळा म्हणायचे असते, तर त्यांचे ‘सुमिमासेन’ दिवसातून वीस वेळा म्हणायचे असते. म्हणून मुळाचा अर्थ कळला, तरी तो भाषांतरात उतरवायचा नसतो. द्राक्षांच्या पेटीवर ‘तुमचे उपकार फिटणार नाहीत’ म्हटले असते, तर मालक ‘माफ करा’ने गोंधळले त्याहून जास्त गोंधळले असते.

मग काय म्हणायला हवे होते? अशा वेळी नाशिककर पाहुणा जे म्हणाला असता तेच: ‘अहो, एवढं कशाला आणलंत!’ यात आभार हा शब्दच नाही, तरी ते आभार आहेत, आणि समोरच्याने खर्च केला, श्रम घेतले, याची जाणीव त्यात आहे. मुख्य म्हणजे मालकांच्या तोंडून ‘त्यात काय, आपल्याच भागातली आहेत’ असे उत्तर आले असते. जपानी यजमानही जवळपास तेवढेच बोलतो. उत्तर जुळले, म्हणजे वजन जुळले.

ईमेलच्या पहिल्या ओळीचे उत्तर थोडक्यात देते. ती ओळ ‘इत्सुमो ओसेवा नि नात्ते ओरिमासु’ असणार, याची मला खात्री आहे. शब्दशः ती ‘आपल्याकडून नेहमी आमचे केले जाते’ अशी होते, पण जपानी व्यापारी ईमेल सहसा तिच्यावाचून सुरू होत नाही. तक्रारीचे पत्रही तिनेच सुरू होते. मराठी पत्रातल्या ‘स. न. वि. वि.’ वरून लिहिणाऱ्याचा राग-लोभ जसा ओळखत नाहीत, तसाच या ओळीवरूनही ओळखू नये. तिच्या जागी ‘सप्रेम नमस्कार’ लिहा आणि पुढे जा. गिऱ्हाईक खूश आहे की नाही, हे त्यानंतरच्या ओळी सांगतात.

अशा ठरीव शब्दांचे वजन जास्त धरले, तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी टोकियोजवळच्या त्सुकुबा एक्स्प्रेस मार्गावर, मिनामी-नागारेयामा स्थानकातून एक गाडी ठरलेल्या वेळेच्या २० सेकंद आधी सुटली. रेल्वे कंपनीने निवेदन काढले आणि त्यात प्रवाशांना झालेल्या मोठ्या गैरसोयीबद्दल मनापासून क्षमा मागितली. हे निवेदन इंग्रजीत गेले, तेव्हा जगभरच्या वाचकांनी कौतुकाने तोंडात बोटे घातली. वीस सेकंदांसाठी एवढी क्षमायाचना! जपानी वाचकाला मात्र त्यातली भाषा ओळखीची वाटते, कारण कंपनीच्या निवेदनाचा साचाच तसा असतो. मराठीत ते ‘प्रवाशांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढेच व्हायला हवे, फलाटावरच्या कर्ण्यातून रोज ऐकू येते तेवढे. तुमच्या गिऱ्हाइकाने उत्तराला एक दिवस उशीर झाल्याबद्दल ‘मोशिवाके गोझाइमासेन’ हे माफीचे औपचारिक वाक्य लिहिले, तरी तसेच करा. ‘उत्तराला उशीर झाला, क्षमस्व’ पुरते. मालकांना ‘ते आपली माफी मागत आहेत’ असे मुळीच सांगू नका, नाहीतर ते पुढच्या वाटाघाटीत उगाच ताठ बसतील.

आता बुशांचे. इथे उलट झाले, म्हणजे वजन कमी पडले. अशीच चूक एकदा दोन देशांमध्ये झाली होती, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

सप्टेंबर १९७२ मध्ये जपानचे पंतप्रधान काकुएइ तानाका चीनशी संबंध पुन्हा जोडण्यासाठी बीजिंगला गेले. २५ तारखेच्या मेजवानीच्या भाषणात त्यांनी युद्धकाळाबद्दल म्हटले की, आमच्या देशाने चिनी जनतेला मोठा ‘मेइवाकु’ दिला, आणि त्याबद्दल मी खोल आत्मपरीक्षणाची भावना व्यक्त करतो. मेइवाकु म्हणजे दुसऱ्याला आपल्यामुळे सोसावा लागलेला त्रास. जपानीत औपचारिक प्रसंगी हा शब्द बराच भार पेलू शकतो. चिनी भाषांतरात त्याचे ‘माफान’ झाले. चिनीत माफान म्हणजे किरकोळ तसदी. चुकून कुणा बाईच्या कपड्यांवर पाणी सांडले की म्हणायचा शब्द, असा त्याचा दाखला तेव्हापासून दिला जातो. ज्यांच्या घरातली माणसे युद्धात मारली गेली होती त्यांनी ते ऐकले. दुसऱ्याच दिवशी चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनी बैठकीत या शब्दावर आक्षेप घेतला. भाषणानंतर चार दिवसांनी, २९ सप्टेंबरला, संयुक्त निवेदन निघाले. जपानने युद्धातून चिनी जनतेचे गंभीर नुकसान केले, त्याची जबाबदारी जपानला तीव्रतेने जाणवते आणि त्याबद्दल तो खोल आत्मपरीक्षण करतो, अशी त्यातली भाषा होती.

हे भाषण मराठीत आणायचे झाले, तर ‘मेइवाकु’ला आपल्या हाती पहिला शब्द ‘त्रास’ हाच येतो. आणि कुणाच्या घरी चहा पिऊन उठताना आपण काय म्हणतो? ‘उगाच तुम्हाला त्रास दिला.’ म्हणजे चिनी भाषांतराचा खड्डा मराठीतही तसाच तयार आहे. संयुक्त निवेदनाने तो कसा चुकवला, ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी ‘त्रास’ या शब्दाला विशेषणे जोडून तो जड केला नाही. काय झाले (गंभीर नुकसान), कुणामुळे झाले आणि जबाबदारी कुणाची, हे वेगवेगळे लिहिले. माफीचे वजन विशेषणांनी वाढत नाही, ते या तपशिलांनी वाढते. ‘अत्यंत मनःपूर्वक क्षमा’ लिहूनही वाक्य पोकळ राहू शकते.

तुमच्या मालकांचे वाक्य मराठीत वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते. ‘सॉरी, थोडी गडबड झाली, पुढच्या वेळी नीट बघू’ हे अंबडच्या एका शेडमधून शेजारच्या शेडमध्ये गेले, तर त्यात प्रामाणिकपणा ऐकू येतो. ‘थोडी’ हा शब्द प्रकरण वाढू नये म्हणून येतो आणि ‘नीट बघू’ म्हणणे म्हणजे वचन देण्याचाच एक प्रकार आहे. समोरचा म्हणतो, ‘ठीक आहे, बारा नग बदलून द्या.’ पण तुम्ही ते जपानीत नेले, तेव्हा ‘थोडी’चे ‘चोत्तो’ झाले असणार आणि ‘सॉरी’चे ‘सुमिमासेन’. ज्याच्या जुळणीच्या ओळीवर बुश शाफ्टवर चढत नाही, त्याच्या कानाला ‘चोत्तो’ म्हणजे ‘यांना हे किरकोळ वाटते’. ‘सुमिमासेन’ तर धक्का लागल्यावर म्हणायचा शब्द. घरात आणि मित्रांत चालणारे ‘गोमेन नासाई’ तुम्ही लिहिले नाहीत, हे फार बरे केलेत.

इथे ‘मोशिवाके गोझाइमासेन’च हवे होते. त्याचा शब्दशः अर्थ ‘सांगण्यासारखे कारण माझ्याकडे नाही’ असा होतो. आणि यातच एक गंमत नव्हे, तर पेच आहे: ‘कारण नाही’ म्हटल्यानंतर जपानी गिऱ्हाईक लगेच कारणच विचारते. ते सबब ऐकायला तयार नसते, पण मूळ कारण कळल्याशिवाय त्याचे समाधानही होत नाही. म्हणजे या वाक्याला ‘ठीक आहे’ हे उत्तर येत नाही. ‘कशामुळे झाले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले?’ हे त्याचे उत्तर आहे. तुमच्या पत्रात त्या प्रश्नाला जागाच नव्हती, म्हणून उत्तर दोन ओळींचे आले. तो कोरडेपणा राग असेलच असे नाही, त्यांनी वाट पाहण्याची तयारी केली आहे, असेही त्यातून वाचता येते. त्या दोन ओळींत ‘अहवाल’ किंवा ‘कारण’ हा शब्द आहे का, ते पुन्हा पाहा.

कारण सांगताना ते दोन भागांत सांगावे लागते, आणि हा भाग नवख्या भाषांतरकाराला कुणी शिकवत नाही. एक, दोष निर्माण का झाला. आणि दुसरे, तो तपासणीतून बाहेर का पडला. समजा, मालकांना विचारल्यावर असे निघाले की बोरिंगच्या टूलचे इन्सर्ट झिजल्यामुळे बोअर हळूहळू लहान होत गेला. ते झाले पहिले कारण. पण भोकाचे माप तपासणारे प्लग गेज लावले असते, तर असा बुश शेडमध्येच अडकला असता, कारण गेजची ‘गो’ बाजू आत गेलीच नसती. मग तो गेला कसा? पाळीच्या शेवटच्या काही नगांना गेज लावलेच नव्हते, असे दुसरे कारण असू शकते. पहिले कारण लिहून दुसरे गाळले, तर माफी अर्धी राहिली असे समजतात, कारण उद्या वेगळा दोष आला तरी तोही असाच बाहेर पडेल.

मात्र हे सगळे तुम्ही स्वतःच्या मनाने लिहायचे नाही. ही मर्यादा मी पूर्वी ओलांडली आहे. अनेक वर्षांपूर्वी एका कारखान्यासाठी पत्र लिहिताना मी मालकाच्या साध्या ‘सॉरी’चे भारदस्त क्षमापत्र केले आणि ‘पुन्हा असे होणार नाही याची व्यवस्था केली आहे’ असे पदरचे वाक्य घातले, का तर ते पत्रात शोभून दिसत होते. पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक ती व्यवस्था पाहायला आले. व्यवस्था नव्हतीच, आणि मालकाला आपण काय कबूल केले होते, हेही माहीत नव्हते. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून माफीचे वजन वाढवायचे असेल, तर मी आधी मालकांसमोर बसते आणि सांगते, ‘तुमचे वाक्य मी असे करते आहे, आणि ते असे केले की ते हे मागतील. द्याल का?’ ते ‘नाही’ म्हणाले, तर हलके वाक्यच पाठवते आणि त्याचा परिणाम काय होईल, तेही त्यांच्या कानावर घालते. भरपाईचा प्रश्न असेल, तर चूक कबूल करणारे वाक्य पाठवण्याआधी त्यांनी वकिलांना दाखवावे, हेही सांगते. जपानी पत्रातली क्षमा ही प्रत्येक वेळी कायदेशीर कबुली नसते, पण तुम्ही ‘दोष आमचा’ असे स्पष्ट लिहिले तर ती होऊ शकते.

एक बारीक गोष्ट काळाची. ‘मोशिवाके गोझाइमासेन’ला शेवटी ‘देशिता’ लावले की ते भूतकाळात जाते. बदली बुश पोहोचले, त्यांनी तपासून घेतले, की तेव्हा भूतकाळ शोभतो. आज, बारा बुश अजून त्यांच्या टेबलावर पडलेले असताना, तो लावला तर आमच्या बाजूने विषय संपला, असे ऐकू जाऊ शकते. म्हणून आज वर्तमानकाळच लिहा.

उद्या मालकांसमोर बसाल, तेव्हा त्यांच्यासाठी मराठीत हा मसुदा न्या: ‘आपल्याला पाठवलेल्या ४०० बुशांपैकी १२ बुशांचा बोअर मापापेक्षा लहान निघाला आणि त्यामुळे आपल्या कामात अडथळा आला, याबद्दल आम्ही क्षमा मागतो. मागच्या पत्रात आम्ही हे पुरेशा गांभीर्याने लिहिले नव्हते. बदली १२ बुश, सर्व नग गेज लावून, अमुक तारखेला पाठवत आहोत. दोष का निर्माण झाला आणि तो तपासणीत का सापडला नाही, याचा अहवाल अमुक तारखेपर्यंत देऊ.’ दोन्ही तारखा मालकांनी स्वतः सांगायच्या, आणि पाळता येतील अशाच सांगायच्या. ‘मागच्या पत्रात’ हे वाक्य ते काढायला सांगतील, असे मला वाटते. शक्य असेल तर ते राहू द्यावे, अशी विनंती त्यांना करा, कारण आधीचे ‘चोत्तो’ मागे घेणारे तेवढेच एक वाक्य आहे. त्यांनी ऐकले नाही, तर पत्र त्यांचे आहे, म्हणून ते काढा. मसुद्याचे जपानी झाले की पाठवण्याआधी मला दाखवा, मी शुक्रवारपर्यंत पाहून देईन.